गुडघा बदलल्यानंतरचे सहा आठवडे: औषधं, व्यायाम, आराम आणि तपासण्यांचं वेळापत्रक कसं बसवायचं

गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो, तेव्हा घरच्यांच्या हातात साधारण तीन कागद पडतात. सर्जनच्या सहायकाने लिहिलेली औषधांची चिठ्ठी, फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद आणि पुढच्या तपासणीची तारीख. तिन्ही कागद वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले असतात. औषधांच्या चिठ्ठीवर "दिवसातून तीन वेळा" असतं, व्यायामाच्या कागदावरही "दिवसातून तीन वेळा" असतं, पण गोळी आणि व्यायाम यांत किती वेळ जायला हवा, हे दोन्हीकडे लिहिलेलं नसतं. ते जुळवणं घरच्यांवर येतं.

मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते. माझ्याकडच्या रुग्णांत गुडघेबदल झालेल्यांची संख्या सगळ्यांत मोठी आहे. पहिल्या भेटीत मी गुडघा बघण्याआधी हे तिन्ही कागद मागून घेते आणि त्यांचा मिळून एकच कागद करते. तो कसा करायचा, ते इथे क्रमाने लिहिते. औषधांची नावं आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेल्याच चालवायच्या. इथे प्रश्न त्यांच्या वेळा जुळवण्याचा आहे.

आधी चिठ्ठी नीट वाचा

चिठ्ठीत आठ-दहा औषधं असली तरी कामाच्या हिशेबाने ती चारच गटांत बसतात. दुखण्याची, रक्तात गुठळी होऊ नये म्हणूनची, पोटासाठीची, आणि शस्त्रक्रियेच्या आधीपासून चालू असलेली जुनी. प्रत्येक पट्टीवर चिकटपट्टी लावून "दुखणं", "गुठळी", "पोट", "जुनं" असं मोठ्या अक्षरांत लिहून टाका. रात्री मुलगा गोळी देणार, दुपारी सून, सकाळी कामाला येणाऱ्या मावशी, अशा घरात हा एवढा शब्द पुष्कळ गोंधळ वाचवतो. "दुखतंय" म्हटल्यावर "गुठळी"ची गोळी कुणी देत नाही, आणि "आज दुखत नाहीये" म्हणून "गुठळी"ची गोळी कुणी बंदही करत नाही.

दुसरं जास्त होताना दिसतं. गुठळीच्या गटातल्या अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन किंवा अ‍ॅस्पिरिन यांचा परिणाम रुग्णाला जाणवत नाही, म्हणून पट्टी संपली की नवीन आणायचं राहून जातं. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो. चिठ्ठीत लिहिलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत ही गोळी चुकवायची नाही. दोन वेळांची असेल तर बारा तासांचं अंतर ठेवा, म्हणजे सकाळी ८ आणि रात्री ८. एखादी राहिली तर आठवल्यावर लगेच द्या, पण पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नका.

दुखण्याच्या गटात जास्त बारकाईने बघावं लागतं. इथे सर्रास होणारी गडबड म्हणजे पॅरासिटॅमॉल दोनदा मोजलं जाणं. ट्रॅमाडॉलची म्हणून जी गोळी लिहिली जाते, तिच्यात बहुतेक वेळा पॅरासिटॅमॉलही असतं. अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या पुष्कळ गोळ्यांत असतं. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही असतं. पट्टीच्या मागच्या बाजूला घटक बारीक अक्षरात छापलेले असतात. ते वाचा आणि चोवीस तासांची बेरीज करा. धडधाकट मोठ्या माणसासाठी ४ ग्रॅम ही वरची हद्द आहे. वय जास्त असेल, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टर ती आणखी खाली ठेवतात.

दुकानातून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ते वेगळंच महागात पडतं.

व्यायामाच्या तीन वेळा आधी ठरवा, गोळ्या त्याभोवती लावा

बहुतेक घरी गोळ्या जेवणाशी बांधलेल्या असतात आणि व्यायाम "वेळ मिळेल तेव्हा" होतो. मग व्यायामाची पाळी नेमकी गोळीचा असर उतरत असताना येते. गुडघा वाकवताना कळ येते, रुग्ण घाबरतो, पाय आखडून धरतो, आणि ते सत्र वाया जातं. असे चार दिवस गेले की व्यायाम म्हटल्यावरच रुग्णाच्या कपाळावर आठ्या येतात.

म्हणून उलट करा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अर्ध्या तासाच्या तीन वेळा आधी कागदावर लिहा आणि दुखण्याची गोळी प्रत्येकीच्या पाऊण तास आधी ठेवा. पोटातून घेतलेल्या पॅरासिटॅमॉलचा असर साधारण अर्ध्या ते एका तासात जाणवू लागतो. मग व्यायाम, व्यायाम झाल्यावर लगेच बर्फ, आणि त्यानंतर आराम. गोळी, व्यायाम, बर्फ, आराम ही साखळी दिवसातून तीनदा फिरते. मधल्या वेळात जेवण, चालणं आणि झोप बसते.

व्यायामांची यादी लांब असण्याची गरज नाही. पहिल्या दोन आठवड्यांत पाच गोष्टी पुरतात.

पहिली, घोट्यातून पाऊल वर-खाली करणं. हा व्यायाम तीन सत्रांपुरता नाही. जागं असताना दर तासाला वीसेक वेळा करायचा, कारण पोटरीचे स्नायू हलले की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं.

दुसरी, पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबायची, मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. दहा वेळा.

तिसरी, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याखाली काहीच न ठेवता पाच ते दहा मिनिटं पाय तसाच सोडून द्यायचा. बघणाऱ्याला वाटतं रुग्ण नुसता पडून आहे. पण गुडघा पूर्ण सरळ होण्याचं काम यातूनच होतं, आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा व्यायामही हाच.

चौथी, टाच गादीवरून घसरत नितंबाकडे आणायची. पायाखाली प्लास्टिकची पिशवी किंवा पायमोजा असला की घर्षण कमी होतं. आणि पाचवी, खुर्चीत बसून पाय लटकता सोडायचा, मग चांगल्या पायाने दुखऱ्या पायाला घोट्यापाशी हलकेच मागे ढकलायचं. थांबून पाच श्वास घ्यायचे आणि आणखी थोडं ढकलायचं.

पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम बऱ्याच कागदांवर पहिल्या दिवसापासून असतो. मांडीचा स्नायू आवळला जात नसेल, तर तो काही दिवस थांबला तरी चालतं. कंबरेला झटका देऊन पाय वर फेकण्यापेक्षा मांडी आवळण्याचा व्यायाम नीट होणं जास्त मोलाचं आहे.

एका घरातला पाचवा दिवस

एक उदाहरण पूर्ण मांडते. ६६ वर्षांच्या एक मावशी, उजवा गुडघा बदललेला, घरी आल्याचा दुसरा दिवस, म्हणजे शस्त्रक्रियेचा पाचवा. थायरॉइड, मधुमेह आणि बीपी आधीपासून आहे. चिठ्ठीत पॅरासिटॅमॉल ६५० मिलिग्रॅम तीन वेळा. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटॅमॉलची एकत्र गोळी "फार दुखल्यास, दिवसातून जास्तीत जास्त दोन". अपिक्साबॅन २.५ दोन वेळा, पँटोप्राझोल सकाळी, कॅल्शियम एक वेळा.

बेरीज आधी. ६५० च्या तीन गोळ्या म्हणजे १९५०. एकत्र गोळीत ३२५ पॅरासिटॅमॉल असतं, दोन घेतल्या तर ६५०. दिवसाचे झाले २६०० मिलिग्रॅम, म्हणजे हिशेब ठीक आहे. आता समजा दुसऱ्या रात्री अंग थोडं कोमट लागलं म्हणून घरातल्या कुणीतरी डब्यातली तापाची ६५० ची गोळी दोनदा दिली. बेरीज ३९०० वर गेली, आणि कुणाला पत्ताही लागला नाही. मावशींच्या घरी मी गोळ्यांच्या डब्यातून तापाच्या पट्ट्या काढून वेगळ्या कपाटात ठेवायला सांगितल्या, ते यासाठी.

आता दिवस असा लागतो.

सकाळी ६ वाजता थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर. पावणेसातला पँटोप्राझोल, कारण ती नाश्त्याच्या अर्धा-एक तास आधी घेतली तर नीट लागू पडते. साडेसातला नाश्ता, त्याबरोबर मधुमेहाची आणि बीपीची गोळी. ८ वाजता अपिक्साबॅन आणि पहिलं पॅरासिटॅमॉल.

पावणेनऊ ते सव्वानऊ व्यायाम. मग वीस मिनिटं बर्फ, पाय उशांवर हृदयाच्या पातळीपेक्षा उंच. साडेदहापर्यंत पडून राहणं. त्यानंतर वॉकर घेऊन घरातल्या घरात दहा मिनिटं चालणं, स्वयंपाकघरापर्यंत आणि परत.

साडेबाराला जेवण आणि कॅल्शियम. कॅल्शियम सकाळी थायरॉइडबरोबर देऊ नका, ते थायरॉइडच्या गोळीचं शोषण अडवतं. दोन्हींत चार तास तरी जायला हवेत. लोहाची गोळी असेल तर तिलाही हाच नियम, आणि ती चहाबरोबर घ्यायची नाही.

दीड वाजता दुसरं पॅरासिटॅमॉल आणि तासभर झोप. अडीचला दुसरं सत्र, पुन्हा बर्फ, पुन्हा आराम. ५ वाजता चहा आणि चालणं. ६ वाजता तिसरं पॅरासिटॅमॉल, पावणेसातला तिसरं सत्र. हे हलकं ठेवायचं. टाचेखाली टॉवेल, मांडी आवळणं आणि घोटे एवढंच. वाकवण्याचं जोराचं काम सकाळ-दुपारी उरकलेलं बरं, कारण संध्याकाळी गुडघा दिवसभराच्या हालचालीने आधीच टम्म झालेला असतो.

पावणेआठला जेवण आणि मधुमेहाची रात्रीची गोळी असेल तर ती. ८ वाजता अपिक्साबॅन. साडेदहाला, झोपताना, दुखत असेल तर ट्रॅमाडॉलची एकत्र गोळी. आधीच्या पॅरासिटॅमॉलनंतर साडेचार तास होऊन गेलेले असतात. दुसरी एकत्र गोळी पहाटे तीन-साडेतीनला जाग आली तर म्हणून उशाशी ठेवायची. मात्र ट्रॅमाडॉलने गरगरतं, मळमळतं. ती घेतल्यावर बाथरूमला जाताना कुणीतरी उठून सोबत गेलंच पाहिजे, आणि वाटेतला दिवा लागलेला हवा. मानसिक आजाराची किंवा झोपेची गोळी आधीपासून चालू असेल, तर ट्रॅमाडॉल सुरू करण्यापूर्वी ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठही होतं. नव्या गुडघ्याने कमोडवर जोर करत बसणं हाल करणारं असतं. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, पपई, पालेभाजी आणि डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल सुरू ठेवा. तीन दिवस पोट साफ झालं नाही म्हणून चौथ्या दिवशी फोन करण्यापेक्षा हे सोपं.

मावशींच्या दिवसात आणखी एक गोष्ट बघायची होती, साखर. शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने जखम भरायला वेळ लागतो. दुसरीकडे, मळमळीमुळे दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं आणि मधुमेहाची गोळी मात्र पूर्ण घेतली, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. पहिला आठवडा घरच्या मशीनवर सकाळी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर बघून लिहून ठेवा. खाणं निम्म्यावर आलं असेल, तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. व्यायाम उपाशीपोटी करायचा नाही.

आराम म्हणजे कसं झोपायचं, तेही ठरवून

घरातली माणसं प्रेमाने जी पहिली गोष्ट करतात, ती गुडघ्याखाली उशी सरकवणं. रुग्णाला लगेच बरं वाटतं, कारण थोड्या वाकलेल्या स्थितीत सांध्यातला ताण सगळ्यांत कमी असतो. पण रात्रभर गुडघा तसाच राहिला, तर सांध्यामागचे पडदे त्याच लांबीला आखडतात. दोन आठवड्यांनी पाय पाच-दहा अंशांत वाकलेलाच राहतो. गुडघा सरळ होत नसेल तर चालताना मांडीचा स्नायू सतत ओढलेला राहतो आणि माणूस लंगडतो. उशी ठेवायचीच असेल तर पोटरीपासून घोट्यापर्यंत लांब ठेवा, म्हणजे गुडघा सरळ राहून पूर्ण पाय उचलला जाईल. कुशीवर झोपायचं असेल तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घ्या.

बर्फ कापडात गुंडाळूनच लावायचा, पंधरा ते वीस मिनिटं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी शस्त्रक्रियेनंतर बधिर असते आणि तिथे भाजल्यासारखं झालं तरी कळत नाही. हा बधिरपणा काही महिने राहतो, थोडासा कायमही राहू शकतो. त्याला घाबरायचं कारण नाही. ड्रेसिंग ओलं होऊ देऊ नका. बर्फाच्या तुकड्यांपेक्षा फ्रीझरमधली मटारची पिशवी गुडघ्याच्या आकारावर चांगली बसते.

गरम शेक नको. आपल्याकडे सांधा दुखला की गरम पाण्याची पिशवी आणि तेल हे हाताशीच असतं, पण पहिल्या काही आठवड्यांत उष्णतेने सूज वाढते. जखमेवर हळद, तेल, मलम काही लावायचं नाही. पोटरी चोळून द्यायचीच नाही. आत गुठळी झालेली असेल, तर चोळण्याने ती सुटून पुढे सरकू शकते. आजीबाई किंवा मालिशवाले कितीही आग्रह करोत, इथे ठाम राहा.

बसण्याचीही मर्यादा आहे. पाय खाली सोडून पाऊण तासापेक्षा जास्त बसलं की सूज घोट्यापर्यंत उतरते. भेटायला आलेली मंडळी तास-दोन तास गप्पा मारत बसतात आणि रुग्ण शिष्टाचार म्हणून खुर्चीत ताटकळतो. पहिले दोन आठवडे पाहुण्यांना पलंगापाशी बसवा, रुग्णाला हॉलमध्ये आणू नका.

झोप महिनाभर मोडलेली असते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. रात्री दीड-दोनला जाग येणं नेहमीचं आहे. अशा वेळी उठून दहा पावलं चालणं आणि पुन्हा बर्फ, याने बऱ्याच जणांना झोप लागते.

जास्त झालं की कमी, हे ओळखायचं कसं

व्यायामात दुखणारच. दुखण्याचा अर्थ मात्र वेळेवरून लावायचा. सत्रानंतर दुखणं वाढलं आणि बर्फ-आराम झाल्यावर तासाभरात आधीच्या पातळीवर आलं, तर व्यायामाची मात्रा बरोबर आहे. दुखणं रात्रीपर्यंत टिकलं, किंवा दुसऱ्या सकाळी गुडघा कालपेक्षा जास्त सुजलेला आणि कडक असला, तर जास्त झालं. अशा वेळी व्यायाम बंद करायचा नाही. दुसऱ्या दिवशी चालणं निम्म्यावर आणायचं, वाकवण्याचे फेरे पाचवर आणायचे, बर्फ एकदा वाढवायचा. दोन दिवसांत सूज उतरली की पुन्हा पूर्वीच्या मात्रेवर यायचं.

सूज मोजता येते. शिवणकामाची टेप घ्या, वाटीच्या मधोमध गुडघ्याचा घेर रोज सकाळी उठण्याआधी मोजा आणि लिहा. डोळ्यांना "आज जास्त वाटतंय" असं रोजच वाटतं, टेप खरं सांगते.

कमी होतंय हे ओळखणं अवघड जातं, कारण तेव्हा रुग्णाला बरं वाटत असतं. पाचेक दिवस वाकण्यात आणि सरळ होण्यात काहीच फरक पडला नसेल, तर फिजिओला कळवा. घरी बघायची सोपी खूण अशी: खुर्चीत बसून दुखऱ्या पायाचं पाऊल मागे घ्या. टाच गुडघ्याच्या बरोबर खाली आली तर साधारण ९० अंश झाले. दोन आठवड्यांच्या आसपास इथपर्यंत पोचलेलं चांगलं. सरळ होण्यासाठी पाय गादीवर सोडा आणि गुडघ्याखालून हाताचा पंजा सरकवून बघा. रोज जागा कमी होत गेली पाहिजे.

पुढचे आठवडे

वेळापत्रक सहा आठवडे एकसारखं राहत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी टाके किंवा स्टेपल निघतात आणि दुखणं बऱ्यापैकी उतरलेलं असतं. तेव्हा आधी ट्रॅमाडॉल बंद होते, मग दुपारचं पॅरासिटॅमॉल. सकाळच्या व्यायामाआधीची गोळी सगळ्यांत शेवटी सोडायची. व्यायाम टिकवण्यासाठी तिचा उपयोग असतो. कमी करण्याचा क्रम डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वॉकर सुटून काठी येते. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. उजवा गुडघा बदललाय तर काठी डाव्या हातात. पुष्कळ जण उलट धरतात आणि मग अंग दुखऱ्या बाजूला झुकतं. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी खाली. घर वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर हा सराव हॉस्पिटलमध्येच करून घ्या. पहिल्या दिवशी घरच्या जिन्यावर शिकायची वेळ येऊ देऊ नका.

व्यायाम तीन वेळांवरून दोनवर येतो, चालणं वाढतं, व्यायामाच्या स्थिर सायकलीवर बसून हळूहळू पेडल फिरवणं सुरू होतं. सहा आठवड्यांच्या सुमाराला ११० अंशांच्या आसपास वाकणं हे आपण नजरेसमोर ठेवतो. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता, यावरही ते अवलंबून असतं. आधीच ९० वर अडकलेला गुडघा १३० वर जाईल, अशी आशा कुणी दाखवली तर तिच्यावर विसंबू नका. खाली मांडी घालणं आणि भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं याबद्दल प्रत्येक सर्जनचं मत आणि प्रत्येक इम्प्लांटची मर्यादा वेगळी असते. ते आपल्या सर्जनलाच विचारा. पूजेसाठी तोवर उंच पाट किंवा खुर्ची करून घ्या.

तपासणीला जाताना

पहिली तपासणी साधारण दोन आठवड्यांनी, दुसरी सहा आठवड्यांनी, मग तीन महिने आणि एक वर्ष, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. तपासणीच्या दिवशी वेळापत्रक कोसळतं, कारण प्रवास आणि बाकड्यावरची वाट बघणं यात तीन-चार तास जातात. त्या दिवशी सकाळचं सत्र तासभर आधी उरका, दुपारची गोळी आणि पाण्याची बाटली पिशवीत घ्या, बाहेर बसल्या बसल्या घोटे हलवत राहा. गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवून बसा. रिक्षाची पायरी उंच पडते आणि आत गुडघा सरळ करायला जागा नसते.

डॉक्टरांसमोर पाच-सात मिनिटं मिळतात. "तसं बरं आहे, पण दुखतं" एवढ्यावर ती संपू नयेत म्हणून वही न्या. रोजचा घेर, वाकण्याची खूण, साखर, कोणती गोळी किती लागली, रात्री किती वेळा जाग आली, हे एका पानावर. मावशींच्या वहीत दोन आठवड्यांच्या भेटीआधी एक गोष्ट उठून दिसत होती. घेर रोज थोडा कमी होत होता, वाकणं ९० पर्यंत आलं होतं, पण गुडघ्याखालून हात आठ दिवस तसाच जात होता. विचारल्यावर कळलं, रात्री उशी पुन्हा आत आली होती. डॉक्टरांनी वाकवण्याचा एक फेरा कमी करून टाचेखालचा टॉवेल दिवसातून पाच वेळा करायला सांगितला. सहा आठवड्यांच्या भेटीपर्यंत गुडघा सरळ झाला होता. वही नसती तर "९० झालंय, छान" एवढ्यावर भेट आटोपली असती.

दोन आठवड्यांच्या भेटीत हे विचारून घ्या: गुठळीची गोळी कोणत्या तारखेला थांबवायची, आंघोळ कधीपासून, दुखण्याच्या गोळ्या कोणत्या क्रमाने कमी करायच्या. सहा आठवड्यांच्या भेटीत: एक्स-रे कसा आहे, काठी सोडायची का, गाडी कधी चालवायची. वाकणं ९० च्या आतच अडकलं असेल तर हीच वेळ स्पष्ट बोलण्याची आहे. अशा वेळी भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय असतो. तो पहिल्या तीन महिन्यांच्या आत केला तर जास्त उपयोगी पडतो, पुढे आतले पडदे घट्ट होत जातात. पुढे दातांचं कुठलंही काम करायचं असेल तर गुडघा बदलल्याचं दंतवैद्याला आधी सांगा आणि सर्जनला विचारा.

तारखेची वाट बघायची नाही, तेव्हा

घरी आल्यावर मांडीवर किंवा पोटरीवर काळंनिळं उतरणं, गुडघा हाताला गरम लागणं, चालताना आत टक् आवाज येणं, हे सगळं नेहमीचं आहे. गरमपणा तर काही महिने राहतो. खाली लिहिलेलं मात्र वेगळं आहे.

पोटरी अचानक दुखायला लागली, कडक झाली आणि दोन्ही पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मोजायची जागा गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या खाली १० सेंटिमीटर. शस्त्रक्रियेच्या पायाला थोडी सूज असतेच, म्हणून रोजचा आकडा लिहिलेला असला की अचानक झालेली वाढ लगेच कळते. दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त येणं यापैकी काही झालं तर फोनाफोनी करत बसू नका, १०८ ला फोन करा. गुठळी फुप्फुसात गेल्याची ही लक्षणं असू शकतात.

जखमेतून आठवड्यानंतरही पाणी येत असेल, कधीही पू आला असेल, लाली रोज पसरत असेल, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढत असेल किंवा ताप १०१ फॅरनहाइटच्या वर जात असेल, तर सर्जनलाच दाखवा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. जवळच्या मेडिकलमधून किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून प्रतिजैविकाची गोळी सुरू करून "बघू दोन दिवस" असं करू नका. त्याने वरवरची लक्षणं दबतात. सांध्यातलं पाणी काढून जंतू तपासायची वेळ येते तेव्हा जंतू सापडत नाहीत, आणि नेमकं औषध ठरवता येत नाही. नव्या सांध्यातला संसर्ग पहिल्या काही दिवसांत हाती लागला तर सांधा धुऊन वाचवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला तर इम्प्लांट काढावं लागू शकतं.

आणि पडल्यावर, दुखत नसलं तरी, एक तपासणी घरीच करा. झोपून पाय सरळ ठेवून टाच गादीवरून उचलता येते का बघा. काल येत होती आणि आज अजिबात येत नसेल, तर मांडीच्या स्नायूची गुडघ्यावर बसणारी दोरी तुटलेली असू शकते. त्या पायावर उभं राहू नका, गुडघा सरळ ठेवूनच हॉस्पिटल गाठा, आणि जाताना वही सोबत घ्या. गुठळीची गोळी शेवटची किती वाजता दिली, हे तिथे पहिल्यांदा विचारलं जाईल.